सोसायटीच्या ग्रुपवर नवीन माणसाने नुसतं ‘हाय’ लिहिलं, तर उत्तर कसं द्यायचं

आमच्या सोसायटीत २ विंग आणि ४८ फ्लॅट आहेत. मी तिथे सहा वर्षं सेक्रेटरी होते आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिनही. एका मे महिन्यातल्या रविवारी रात्री पावणेनऊला ग्रुपवर एका नव्या नंबरावरून ‘Hi’ आलं. बाकी काही नाही. मी ते पाहिलं, पुढे काहीतरी लिहितील म्हणून फोन बाजूला ठेवला. इतरांनीही तेच केलं असणार. साडेनऊला कुणीतरी आंब्याच्या पेटीचा भाव टाकला, त्यावर दहा-बारा जण बोलले आणि ते ‘Hi’ वर सरकून गेलं.

सकाळी सात वाजता त्याच नंबरावरून पुन्हा ‘Hi’. थोड्या वेळाने वॉचमननेच खाली सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी नवीन भाडेकरू आलेत आणि त्यांच्या नळाला पाणी नाही. तो फ्लॅट चार महिने बंद होता, म्हणून डक्टमधला त्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवलेला. घरात तान्हं बाळ, आणि त्यांनी दीड दिवस पाण्याचे २० लिटरचे जार विकत आणून काढला होता. व्हॉल्व्ह फिरवायला वॉचमनला दोन मिनिटं लागली.

नंतर मी त्या बाईंना विचारलं, की तुम्ही पाण्याचं लिहिलं का नाही? त्या म्हणाल्या, ‘कुणीतरी ‘बोला’ म्हणालं असतं तर लिहिलं असतं. आल्या आल्या एकदम तक्रार कशी करायची?’

त्यांना ग्रुपमध्ये मीच घेतलं होतं, त्यामुळे उत्तर देणं माझंच काम होतं. त्या दिवसापासून आम्ही या गोष्टीची एक पद्धत बसवली. तुम्ही नुकतेच ग्रुपचे अ‍ॅडमिन झाला असाल, किंवा कमिटीवर आला असाल, तर ती पद्धत इथे क्रमाने देते.

आधी त्या ‘हाय’चा अर्थ लावा

ऑफिसमध्ये, विशेषतः आयटीतल्या लोकांमध्ये, नुसतं ‘हाय’ लिहून थांबणं वाईट समजतात. कामाचं थेट लिहा, समोरच्याचा वेळ घेऊ नका, असं तिथे सांगतात आणि तिथे ते बरोबरही आहे. कारण तिथे दोघांनाही माहीत असतं की समोरचा कोण आहे आणि त्याला काय विचारता येतं. सोसायटीत नव्याने आलेल्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं.

आपल्याकडे कुणाच्या दारात गेलं की आपण उंबऱ्यातूनच काम सांगत नाही. ‘आहे का कुणी घरात?’ असं विचारतो आणि आतून ‘या या’ ऐकू आलं की मग बोलतो. फोनवरही पहिलं ‘हॅलो’ झालं, पलीकडून ‘बोला’ आलं, की विषय निघतो. ग्रुपवरचं ‘हाय’ हे तेच ‘आहे का कुणी’ असतं. माणूस पलीकडच्या ‘बोला’साठी थांबलेला असतो.

त्यामागे बहुतेक वेळा एक नेमकी अडचण असते: पाणी, पार्किंग, सामानाचा टेम्पो, कचरा कधी आणि कुठे द्यायचा, इंटरकॉम लागत नाही, शेजारच्या फ्लॅटमधून गळती. भाडेकरू असेल तर आणखी एक शंका असते, आपल्याला इथे विचारायचा हक्क आहे की नाही. मालक बाहेरगावी, एजंट फोन उचलत नाही, आणि कमिटी फक्त मालकांशीच बोलते असं कुणीतरी आधीच कानात सांगितलेलं. काही जण फक्त मेसेज जातोय का एवढंच बघत असतात. वयस्कर मंडळींना मुलाने किंवा सुनेने ग्रुपमध्ये घातलेलं असतं, त्यांचं ‘हाय’ हे बहुधा त्यातलं. आणि क्वचित तो नंबर आपल्या सोसायटीतला नसतोच. त्याचं पुढे सांगते.

उत्तर देण्याआधी दोन-तीन मिनिटं बघा

लगेच टाइप करायला घेऊ नका. नंबरावर बोट ठेवून बघा. तो तुमच्याकडे सेव्ह नसेल तर नंबरासोबत ~ अशी खूण आणि त्या माणसाने स्वतः ठेवलेलं नाव दिसतं. थोडं वर जाऊन बघा, की त्यांना कुणी ग्रुपमध्ये घेतलं की ते लिंकवरून आले. तशी एक छोटी ओळ ग्रुपमध्ये आपोआप उमटलेली असते. कुणी घेतलंय हे कळलं तर त्या माणसाला वेगळा मेसेज करून विचारता येतं, की हे कोण, कुठल्या फ्लॅटचे? पुष्कळदा तेवढ्यानेच सगळं उलगडतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. नवीन माणसाला आधीच्या गप्पा साधारणपणे दिसत नाहीत. कालच तुम्ही ‘उद्या टाकी धुणार, पाणी दुपारी २ नंतर’ असं लिहिलेलं असेल, तरी त्यांच्यासमोर ग्रुप कोराच असतो. ‘वर वाचा, लिहिलंय’ हे उत्तर म्हणूनच त्यांच्या कामाचं नाही.

हे बघण्यात दोन-तीन मिनिटं जातात आणि तेवढ्यात खूपदा त्यांचा दुसरा मेसेज येतोही. आला नाही, तर दिवसा अर्ध्या तासाच्या आत उत्तर गेलेलं बरं. रात्री दहानंतर आलं असेल तर सकाळी चालेल, पण सकाळचं पहिलं काम तेच. कारण सात वाजता सुप्रभाताच्या फुलांचे फोटो सुरू झाले की ते ‘हाय’ कुणालाच सापडत नाही.

एकानेच बोलायचं

आमच्याकडे दोन्ही टोकं झाली. आधी कुणीच बोललं नाही. ते पाण्याचं प्रकरण झाल्यावर सगळ्यांना वाईट वाटलं, आणि पुढच्या नव्या माणसाच्या ‘हाय’वर २२ जणांनी ‘वेलकम’ लिहिलं, कुणी हात जोडले, कुणी केक पाठवला. त्या माणसाला बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय हे सांगायचं होतं. एवढ्या स्वागतानंतर त्याने नुसतं ‘थँक्यू’ लिहिलं आणि तो गप्प झाला. गळतीचं चार दिवसांनी कळलं. ज्यांच्याकडून गळती होत होती त्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनीही ‘वेलकम’ लिहिलं होतं, म्हणून त्याला आणखीच अवघड झालं.

तेव्हापासून प्रत्येक विंगला एक माणूस ठरवला आहे. तो बोलेल, तो नसेल तर दुसरा. बाकीच्यांना स्वागत करायचंच असेल तर त्यांनी त्या एका उत्तराखाली अंगठा किंवा फूल चिकटवावं, वेगळा मेसेज टाकू नये. मात्र मूळ ‘हाय’ला नुसता अंगठा देऊन सोडू नका. अंगठ्याचा अर्थ ‘कळलं, झालं’ असा होतो. दारातल्या माणसाकडे बघून मान हलवली आणि दार लोटून घेतलं, तसं ते वाटतं.

उत्तर त्या ‘हाय’लाच जोडा

त्या मेसेजवर बोट ठेवून उजवीकडे सरकवलं की तुमचं उत्तर त्यालाच जोडलं जातं. मध्ये आंब्याचे भाव आले असले तरी कुणाला कशाचं उत्तर दिलंय हे त्यांना समजतं. नवीन माणसाला ग्रुपमध्ये कुणाचीच नावं माहीत नसतात, म्हणून हे फार उपयोगी पडतं.

काय लिहायचं

उत्तरात चार गोष्टी हव्यात आणि त्या तीन-चार छोट्या ओळींत मावतात. नमस्कार, आपण कोण, सहज उत्तर देता येईल असा एक प्रश्न, आणि अडचण असेल तर सांगा असं मोकळं दार. आमच्या बी विंगचे दादा लिहितात तो मेसेज असा:

‘नमस्कार, स्वागत. मी बी-१०२ मध्ये राहतो, बी विंगचं बघतो. तुम्ही कुठल्या फ्लॅटमध्ये राहायला आलात? पाणी, लिफ्ट, पार्किंग, काहीही अडलं असेल तर इथेच लिहा किंवा मला फोन करा.’

यात प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर एका अक्षरात आणि तीन आकड्यांत देता येतं. ज्याला टाइप करायला जड जातं तोही ‘b 303’ एवढं लिहू शकतो. आणि पाणी, लिफ्ट, पार्किंग हे शब्द मुद्दाम घातले आहेत. नुसतं ‘काही मदत हवी का?’ असं विचारलं की लोक भिडेखातर ‘नाही नाही’ म्हणतात. पण अडचणींची नावं समोर दिसली की आपली अडचण इथे विचारण्यासारखी आहे हे त्यांना पटतं. आमच्याकडे या एका वाक्याने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशाने पडला नाही.

संबोधनाचं बघा. समोर बाई आहे की पुरुष, वय काय, हे ‘हाय’वरून कळत नाही. म्हणून ओळख होईपर्यंत दादा, ताई, काका, काकू काहीच नको. मराठीत ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही राहता’ ही रूपं दोघांनाही चालतात, त्यामुळे वाक्य सहज निभावतं. ‘कधी आलास?’ तर नकोच, मग प्रोफाइलच्या फोटोत कॉलेजातला मुलगा दिसत असला तरी. पुढे बोलणं झालं की काकू आणि वहिनी आपोआप येतात.

भाषेचंही तसंच. ‘Hi’ वरून त्यांची भाषा कळत नाही. आमच्याकडे बिहारची, केरळची, गुजरातची कुटुंबं आहेत, नांदेडचीही आहेत. म्हणून मराठी उत्तराखाली तेच एका ओळीत हिंदीत लिहितो: ‘आप कौन से फ्लॅट में आए हैं? कोई भी दिक्कत हो तो यहाँ लिखिए.’ त्यांनी ज्या भाषेत उत्तर दिलं त्या भाषेत पुढे बोलायचं.

काय विचारू नये

नुसतं ‘कोण?’ असं लिहू नका. जिन्यात अंधारात चाहूल लागली की आपण वरून जसं ओरडतो, तसं ते वाचताना वाटतं. ‘आपण कोण?’ हेही फारसं वेगळं नाही. फ्लॅट नंबर विचारला की कोण ते कळतंच.

आडनाव विचारू नका. हे मी जोर देऊन सांगते. आपल्याकडे आडनावावरून जात आणि धर्म काढले जातात, आणि नव्या घरात आलेल्या माणसाला हा प्रश्न आधी दहा ठिकाणी झेलावा लागलेला असतो. घर भाड्याने शोधताना तर नक्कीच. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला आडनाव लागत नाही.

‘मालक की भाडेकरू?’ हेही ग्रुपवर नको. सोसायटीला ही माहिती लागते, हे खरं. भाडेकराराची नोंदणी झाली का, पोलिसांना भाडेकरूची माहिती दिली का, हे सेक्रेटरीने बघायचं असतं, पण ते मालकाकडून कागद घेऊन. ४८ घरांसमोर त्याची चौकशी करायचं कारण नाही. आधार कार्डाचा फोटो तर ग्रुपवर कधीच मागू नका. एकदा एका नव्या मुलाने कुणी न मागता, चांगुलपणाने, दोन्ही बाजूंचा फोटो टाकला. मी अ‍ॅडमिन म्हणून तो सगळ्यांसाठी डिलीट केला आणि त्याला वेगळं कळवलं, पण मध्ये पंचवीस मिनिटं गेली होती. तेवढ्यात कुणाच्या फोनमध्ये तो आपोआप सेव्ह झाला असेल तर तो परत घेता येत नाही.

आणि नियमांची पीडीएफ लगेच पाठवू नका. आमची नियमावली ११ पानांची आहे. ‘हाय’ला ११ पानं आली की माणूस दबकतो. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सामान लागल्यावर, सेक्रेटरीने प्रत्यक्ष भेटून द्यावी.

एक पूर्ण बोलणं

आता एक प्रसंग पूर्ण सांगते, म्हणजे क्रम नीट दिसेल. शनिवारी रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी ग्रुपवर एका नव्या नंबरावरून ‘Hi’ आलं. ए विंगसाठी नेमलेल्या वहिनींनी तो नंबर पाहिला. अ‍ॅडमिननेच दुपारी घेतलेला होता. पाच मिनिटं वाट बघून त्यांनी वरच्यासारखं उत्तर दिलं. मग:

‘A 204’
‘अरे वा, आम्ही २०१ मध्ये, तुमच्याच मजल्यावर. आजच आलात का?’
‘नाही. उद्या सामान.’
‘बरं. टेम्पो किती वाजता येतोय? आपल्याकडे सामानासाठी लिफ्ट सकाळी १० ते संध्याकाळी ५ वापरता येते.’
‘टेम्पोवाला 7 ला येणार बोलला’

इथे खरं काम निघालं. सकाळी सातला टेम्पो, आणि वॉचमन दहाच्या आधी गेट उघडणार नाही. हे ‘हाय’ अनुत्तरित राहिलं असतं तर रविवारी सकाळी सातला गेटवर भांडण ठरलेलं होतं, आणि त्या कुटुंबाची पहिली ओळख ‘नियम न पाळणारे’ अशी झाली असती.

वहिनींनी पुढे ग्रुपवर ताणलं नाही. त्यांनी लिहिलं, ‘हे सेक्रेटरींशी बोलून ठरवू, मी त्यांना सांगते, त्या तुम्हाला वेगळा मेसेज करतील.’ मग माझ्याशी फोनवर बोलल्या. टेम्पोवाल्याला पुढची खेप होती, वेळ बदलणं त्यांना शक्य नव्हतं. आम्ही असं ठरवलं की टेम्पो सातला आत येईल, सामान स्टिल्टखाली उतरवून ठेवतील, टेम्पो जाईल, आणि लिफ्टने वर न्यायचं काम दहानंतर. वॉचमनला रात्रीच सांगून ठेवलं. लिफ्टच्या भिंतींना लावायचा पुठ्ठा सोसायटीच्या ऑफिसात असतो, तो बाहेर काढून ठेवला. साडेनऊच्या आत हे सगळं उरकलं, आणि ग्रुपवर यातले फक्त सहा-सात छोटे मेसेज दिसत होते.

शेवटी वहिनींनी ग्रुपवर एकच ओळ लिहिली: ‘ए-२०४ चं सामान उद्या सकाळी येणार आहे, थोडा वेळ स्टिल्टमध्ये राहील.’ ही ओळ विसरू नका. नाहीतर सकाळी कुणीतरी खाली फर्निचरचा ढीग बघून ग्रुपवर फोटो टाकतं.

वेगळ्या मेसेजवर कधी जायचं

ग्रुपमध्ये आलं की आपला नंबर सगळ्यांना दिसतो. एकट्या राहणाऱ्या मुलीने ‘हाय’ लिहिलं आणि तिला तीन अनोळखी पुरुषांनी वेगवेगळे मेसेज केले, असं आमच्याकडे झालं आहे. त्यातल्या दोघांचा हेतू चांगला होता, असं मी मानते. पण रात्री दहा वाजता तिला ते कसं कळणार?

म्हणून नियम सोपा ठेवला आहे. पहिलं बोलणं सगळ्यांसमोर. वेगळा मेसेज फक्त अ‍ॅडमिन किंवा सेक्रेटरी करतील, आणि तो करण्याआधी ‘मी तुम्हाला वेगळा मेसेज करते’ असं ग्रुपवर लिहितील. पैशाचं, भाड्याचं, मालकाशी वादाचं, आजारपणाचं बोलणं निघालं तर ते लगेच ग्रुपवरून हलवायचं. पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी, दूधवाला हे ग्रुपवरच राहू द्यावं, कारण गप्प बसलेल्या आणखी दोन नव्या घरांना तेच हवं असतं.

उत्तर आलंच नाही तर

तुम्ही विचारलंत आणि पुढे शांतता. पुन्हा पुन्हा विचारू नका. एक दिवस जाऊ द्या. मग अ‍ॅडमिनने वॉचमनकडे किंवा मालकाकडे चौकशी करावी, की हा नंबर कुठल्या घरातला. घर सापडलं तर प्रत्यक्ष दोन मिनिटं जाऊन येणं सगळ्यात चांगलं. आमच्याकडे असे एक आजोबा निघाले. त्यांना मेसेज वाचता येत होते, ‘Hi’ टाइप करता येत होतं, आणि बाकी सगळं ते बोलून सांगायचे. त्यांना मायक्रोफोनचं बटण दाबून धरून आवाजात मेसेज कसा पाठवायचा हे दाखवलं. आता ते पाणी आलं की नाही हे रोज आवाजात सांगतात, आणि ज्यांना कामावरून उशीर होतो ते त्याची वाट बघतात.

घर सापडलंच नाही तर

वॉचमनला माहीत नाही, कुणाही मालकाला माहीत नाही, आणि तो नंबर लिंकवरून आलेला आहे. आता सावध व्हायचं. ग्रुपची लिंक एजंटाकडे, जुन्या भाडेकरूंकडे, पेस्ट कंट्रोलवाल्याकडे फिरलेली असते. बऱ्याचदा तो कुणीतरी विक्रेता असतो. पण फसवणूक करणारेही असेच शिरतात. ग्रुपवर एक ‘हाय’ टाकतात, कोण उत्तर देतं ते बघतात आणि त्या लोकांना वेगळे मेसेज करतात. शेअर बाजारातल्या हमखास नफ्याचे, वीज आज रात्री कापणार असल्याचे, किंवा एखादी .apk फाइल उघडा म्हणणारे. सोसायटीच्या ग्रुपमधून आलेला नंबर म्हणून लोक विश्वास ठेवतात, आणि त्याचाच ते फायदा घेतात.

अशा वेळी अ‍ॅडमिनने त्या नंबराला वेगळं, सभ्यपणे विचारावं: ‘हा ग्रुप फक्त इथे राहणाऱ्यांसाठी आहे. तुमचा फ्लॅट नंबर कळवाल का?’ एक दिवस वाट बघावी. उत्तर नाही किंवा गोलमाल उत्तर, तर काढून टाकावं आणि ग्रुपवर तसं कळवावं, म्हणजे ज्यांना त्याचे वेगळे मेसेज आले असतील ते सावध होतील. मेसेजमध्ये फाइल किंवा लिंक आली असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. मग ग्रुपच्या लिंकच्या पानावर Reset link दाबलं की जुनी लिंक चालत नाही. नवीन माणसाला अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच आत घेण्याची सोयही ग्रुपच्या सेटिंगमध्ये आहे, ती सुरू ठेवा. कुणाचे पैसे गेलेच असतील तर १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

एक काळजी घ्या. यादीत नाव नाही म्हणून माणूस परका ठरत नाही. नुकतंच घर घेतलेल्याचं नाव कमिटीने हस्तांतर मंजूर करेपर्यंत सभासदांच्या नोंदवहीत येत नाही, आणि भाडेकरू तर सभासद नसतोच. तरी दोघांनाही पाणी लागतं. आम्ही म्हणूनच दोन ग्रुप केले. एक सभासदांचा, सर्वसाधारण सभेच्या आणि हिशोबाच्या बोलण्यासाठी. दुसरा इथे राहणाऱ्या सगळ्यांचा. नवीन माणसाचं ‘हाय’ या दुसऱ्या ग्रुपवर यावं अशी व्यवस्था ठेवली की निम्मे गोंधळ होतच नाहीत.

शाळेच्या, क्लासच्या ग्रुपवर

पद्धत तीच, प्रश्न वेगळा. पालकांच्या ग्रुपवर ‘कुणाचे पालक?’ एवढं विचारलं की पुरतं, ‘अमुकची आई’ असं उत्तर येतं आणि ओळख होते. मुलाचा फोटो, पत्ता, आधीची शाळा का सोडली, हे विचारू नका. वर्षाच्या मध्ये आलेल्या पालकांना बहुतेक वेळा एकच हवं असतं: आजचा गृहपाठ आणि मागचं राहिलेलं. म्हणून उत्तरात ‘वह्यांचे फोटो हवे असतील तर सांगा’ एवढं जोडा.

कॉलेजच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या क्लासात मुलं एकमेकांना ‘तू’ म्हणतात, तिथे ‘कधीपासून आलास?’ किंवा ‘आलीस?’ चालतं, पण मुलगा की मुलगी हे कळल्यावर. तोवर ‘कुठली बॅच?’ हे सुटसुटीत. संध्याकाळच्या क्लासला नोकरी करणारी, लग्न झालेली माणसंही येतात. तिथे ‘तुम्ही’नेच सुरुवात करा.

ग्रुपच्या माहितीत काय लिहून ठेवायचं

ग्रुपच्या नावाखाली माहिती लिहायला जागा असते. तिथे पाच ओळी लिहून ठेवल्या की नव्या माणसाच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याला स्वतःच सापडतात. आमच्या ओळी अशा आहेत: पाणी सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते साडेसात. ओला आणि सुका कचरा वेगळा, सकाळी नऊच्या आत दाराबाहेर. सामानासाठी लिफ्ट १० ते ५. वॉचमनचा इंटरकॉम नंबर. आणि शेवटची ओळ, ‘नवीन आलात तर फ्लॅट नंबर लिहा आणि काय हवं ते थेट विचारा.’ गेटचं कुलूप, कॅमेरे कुठे आहेत, कोण कधी गावाला जातं, असं काही तिथे लिहू नये.

पाण्याची वेळ बदलली की ही जागाही बदलायची. उन्हाळ्यात टँकर सुरू झाल्यावर आम्ही ते एकदा विसरलो, आणि दोन नवी घरं सकाळी रिकाम्या बादल्या घेऊन बसली.

आणि ते जातात तेव्हा

भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा असतो. पुढे वाढला नाही तर एक दिवस ते घर रिकामं होतं. सामान गेलं त्याच दिवशी नंबर काढून टाकू नका. मागे राहिलेलं कुरिअर, सिलिंडर, वॉचमनकडे ठेवलेली किल्ली, याबद्दल त्यांना अजून विचारायचं असतं. आम्ही आठ दिवस थांबतो आणि मग ‘आता ग्रुपमधून काढू का?’ असं विचारून काढतो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईंनी गेल्यावर्षी जाताना ग्रुपवर शेवटचा मेसेज लिहिला, तो नव्या येणाऱ्या भाडेकरूंसाठी होता: डक्टमधला डावीकडून दुसरा व्हॉल्व्ह आपला, तो उघडाच ठेवून जातेय.